एकट्याने बेंच प्रेस: पिना कुठे लावायच्या, सेट कुठे तोडायचा

प्रश्न: घरच्या खोलीत रॅक, बेंच आणि 20 किलोचा बार आहे. सराव एकट्यानेच होतो, कारण सपोर्टला उभं राहील असं घरात कोणी नाही. गेल्या आठवड्यात बेंच प्रेसला 70 किलोचा पाचवा रेप अर्ध्यावर अडकला आणि बार छातीवर येऊन बसला. शेवटी पोटावरून लोळवत मांड्यांपर्यंत नेला आणि उठून बसलो. पोटावर वळ उठलेत. पिना लावल्या होत्या, पण फार खाली. एक भोक वर लावल्या की बार छातीला टेकतच नाही, आधीच पिनेवर आपटतो. भोकांमधलं अंतर 5 सेंटिमीटर आहे. मित्र म्हणतो, कॉलर लावू नकोस, अडकलास तर बार तिरका करून प्लेटा पाडता येतात. हे बरोबर आहे का? आणि थांबायचं कधी, हे आधी कसं कळणार? मला तर दर वेळी वाटतं, अजून एक निघेल.
— एकटा सराव करणारा

उत्तर:

आधी पोटाचं बोलू. वळ निळे पडून आठवडा-दीड आठवड्यात उतरत असतील तर ठीक. पण पोटात आत कुठे दुखत असेल, दाबलं की कळ येत असेल, उलटीसारखं वाटत असेल किंवा लघवीत लालसर रंग दिसला असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टरांकडे जा. पोटाला हाडांचं कवच नसतं. लोळवण्याची युक्ती कमी वजनाला चालून जाते म्हणून लोक ती शिकवतात. वजन वाढत गेलं की तीच युक्ती इजेचं कारण होते. तुमच्याकडे पिना आहेत, तेव्हा पुन्हा तिची गरज पडायला नको. तुमचा बेंच प्रेस मात्र पिनांची उंची नीट लागेपर्यंत बंद ठेवा. स्क्वॅट आणि डेडलिफ्ट चालू राहू द्या. डेडलिफ्ट जमिनीवर सोडता येते, स्क्वॅटमध्ये योग्य उंचीच्या पिनांवर खाली बसता येतं. बेंच प्रेसमध्ये मात्र तुम्ही बार आणि बेंच यांच्यामध्ये अडकता आणि सरकायला जागाच नसते. म्हणून इथे पिनांची उंची एक-दोन सेंटिमीटरने चुकली तरी फरक पडतो.

पिनेची उंची तुमच्या छातीवरून ठरते आणि छातीला दोन उंची असतात, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सेट मारताना खांद्याची पाती मागे ओढलेली असतात, पाठीला कमान असते, श्वास भरून रोखलेला असतो. त्या वेळी छाती सर्वात वर असते. श्वास पूर्ण सोडला, कमान मोडली आणि पाठ बेंचवर सपाट टेकवली की तीच छाती काही सेंटिमीटर खाली बसते. पिनेची जागा या दोन उंचींच्या मधे आहे. तिथे ती असली की चांगल्या रेपमध्ये बार छातीला टेकतो आणि पिनेला शिवत नाही. रेप अडकला तर तुम्ही श्वास आणि कमान सोडता, छाती खाली जाते आणि वजन पिनांवर बसतं. बार कुठेही फेकावा लागत नाही, त्याच्या खालून तुम्हीच बाजूला होता.

या दोन उंची मोजायला दुसरा माणूस लागत नाही. बार छातीला टेकू देणाऱ्या सर्वात उंच भोकात पिना लावा. एका पिनेवर एक मोजपट्टी उभी चिकटवा, शून्य पिनेच्या वरच्या कडेला. फोन पिनेच्याच उंचीवर बाजूला ठेवा, वरून किंवा खालून तिरका नको, नाहीतर आकडा चुकतो. व्हिडिओ सुरू करा आणि 40 किलो घेऊन आडवे व्हा. रिकाम्या बारने मोजलं तर तो छातीत पुरेसा रुतत नाही आणि आकडा थोडा जास्त येतो. नेहमीची कमान घेऊन, श्वास भरून बार छातीवर आणा, क्षणभर थांबा आणि वर ढकलून हुकवर ठेवा. नंतर पुन्हा तसंच खाली आणा, पण या वेळी छातीवर बार असतानाच श्वास हळू सोडा आणि पाठ सपाट करा. 40 किलो तुम्हाला इतकं हलकं आहे की तिथून सहज वर ढकलता येईल, आणि बार पिनेवर बसलाच तर तो तिथे राहू द्या. आता व्हिडिओत बारची खालची कड दोन्ही वेळा पट्टीवर कुठे होती ते पाहा.

समजा तुमचे आकडे असे आले: कमान असताना बार पिनेच्या 4 सेंटिमीटर वर, पाठ सपाट केल्यावर 1 सेंटिमीटर वर. म्हणजे हे भोक कमी पडतं. अडकल्यावर पूर्ण सपाट झालात तरी बार पिनेपर्यंत पोचतच नाही, 70 किलो तुमच्या बरगड्यांवरच राहतात. आता वरचं भोक पाहू. ते 5 सेंटिमीटर वर आहे, म्हणजे कमान असतानाही बार छातीपासून 1 सेंटिमीटर आधी पिनेवर आपटणार. तुमची तक्रार नेमकी हीच आहे. छातीच्या दोन उंचींमधलं अंतर 3 सेंटिमीटर आणि भोकांमधलं 5, त्यामुळे दोन्ही भोकं जागा चुकवतात. रॅकमध्ये दोष नाही, 5 सेंटिमीटरच्या रॅकमध्ये हे बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं. म्हणूनच काही रॅक बेंचच्या टप्प्यात भोकं अर्ध्या अंतरावर, साधारण अडीच सेंटिमीटरवर पाडतात.

यावर उपाय असा, की पिना वरच्या भोकात लावायच्या आणि बेंच उचलायचं. बेंचखाली 2 सेंटिमीटर जाडीचा प्लायवूडचा किंवा टणक रबराचा एकच सलग तुकडा टाका. आता हिशेब बघा. तुम्ही 2 सेंटिमीटर वर आलात, त्यामुळे वरच्या भोकातल्या पिनेपासून कमान असताना बार 1 सेंटिमीटर वर थांबतो, म्हणजे छातीला टेकतो. पाठ सपाट केल्यावर छाती पिनेच्या 2 सेंटिमीटर खाली जाते, म्हणजे बार पिनांवर आणि छाती मोकळी. तुमचे खरे आकडे वेगळे येतील, पण पद्धत हीच. कमान असताना किमान 1 सेंटिमीटर जागा आणि सपाट झाल्यावर किमान 1 सेंटिमीटर मोकळीक, एवढं साधेल इतकी जाडी निवडा.

तुकडा एकच आणि बेंचच्या सगळ्या पायांखाली पुरेल एवढा मोठा हवा. प्रत्येक पायाखाली वेगळी ठोकळी किंवा वीट ठेवू नका. एक ठोकळी सरकली की बेंच कलतं आणि त्या वेळी बार तुमच्या हातात असतो. मऊ फोमही नको, तो वजनाखाली दबतो आणि मोजलेली उंची खोटी ठरते. बेंच वर आल्याने पाय जमिनीपर्यंत पूर्ण टेकत नसतील तर पायांखालीही तेवढ्याच जाडीचं काही तरी टाका. तुकडा मिळेपर्यंत सराव करायचाच असेल तर वरचं भोक वापरा आणि प्रत्येक रेप पिनेवर हलकेच टेकवून वर न्या. 1 सेंटिमीटर कमी खोलीने तुमचं काही नुकसान होणार नाही. खालच्या भोकावर जड सेट मात्र मारू नका.

पिनांऐवजी तुमच्याकडे पट्ट्यांची सेफ्टी असेल तर लक्षात ठेवा, पट्टी वजनाखाली झोल खाते. मोजमाप रिकाम्या पट्टीवर न करता भरलेला बार पट्टीवर ठेवून करा.

छाती झाली, आता गळा. बार अडकतो तेव्हा तो नेहमी सरळ खाली येत नाही. थकलेल्या हातात तो डोक्याकडे सरकू शकतो आणि जिवावर बेततं ते तिथे, मानेवर बार आला की. म्हणून वेगळी तपासणी करा. पिना ठरवलेल्या जागी लावा, रिकामा बार पिनांवर ठेवा, त्याखाली सपाट झोपा आणि बार गळ्याच्या बरोबर वर येईल इतके सरका. गळा आणि बार यांच्यामध्ये तुमची मूठ उभी जायला हवी. बहुतेकांची जाते, कारण झोपल्यावर गळा छातीपेक्षा बराच खाली असतो. तिथून डोकं आणखी खाली सरकवून नाक-कपाळही बारखालून मोकळं जातं का ते बघा. पिनांची लांबीही पाहा. त्या हुकांपासून पोटाच्या पुढपर्यंत सलग जायला हव्यात. पुढच्या खांबाला अडकवलेले आखूड दांडे असतील तर बेंच इतकं आत ओढा की बार ज्या-ज्या जागी येऊ शकतो ती सगळी जागा त्यांच्यावर येईल.

एक चूक अगदी साधी आहे, पण दमल्यावर किंवा घाईत हमखास होते. एका बाजूची पिन एका भोकात आणि दुसरीकडची शेजारच्या. मग बार एका बाजूला 5 सेंटिमीटर खाली येतो आणि सगळं वजन एका खांद्यावर. खांबांवर रंगाच्या पेनने भोकांना आकडे घाला, दोन्ही बाजूंना सारखे. पिन पूर्ण आरपार गेली आहे आणि तिची खीळ बसली आहे हे हाताने ओढून बघा, आणि प्रत्येक वेळी पहिला सेट मारण्याआधी रिकामा बार पिनांवर ठेवून तो आडवा सरळ दिसतो का ते बघा.

आता बेंचची जागा. बार हुकवर असताना तुमचे डोळे बारच्या बरोबर खाली किंवा किंचित पायांच्या बाजूला असावेत. त्याहून डोक्याकडे सरकून झोपलात तर वर ढकलताना बार हुकांवर आपटतो आणि रेप तिथेच मोडतो. फार पायांकडे झोपलात तर बार उचलून आणायला हात लांब ताणावे लागतात आणि खांद्याची पाती सुटतात. हुकांची उंची अशी ठेवा की हात पूर्ण सरळ केल्यावर बार हुकाच्या ओठापेक्षा 3-4 सेंटिमीटर वर जाईल. हुक खाली असले तर अर्धा रेप बार काढण्यातच जातो, फार वर असले तर बार काढतानाच खांदे बेंचवरून सुटतात. बेंचखाली 2 सेंटिमीटर घातल्यावर हा हिशेबही बदलतो, तेव्हा तो पुन्हा तपासा. सगळं जमलं की बेंचच्या पायांच्या जागी जमिनीवर चिकटपट्टी लावा, म्हणजे रोज अंदाज बांधावा लागणार नाही. रॅक हलका असेल आणि जमिनीला बोल्ट नसेल तर त्याच्या मागच्या खालच्या दांड्यावर प्लेटा ठेवून तो जड करा. बार हुकवर जोरात आदळला की रॅक किती सरकतो हे रिकाम्या बारने आधी बघून ठेवा.

एकट्याने बेंच मारताना सर्वात धोक्याचा क्षण लोकांना वाटतो तसा रेपच्या मध्यावर नसतो. तो असतो शेवटचा रेप झाल्यावर, बार परत हुकवर ठेवताना. दमलेला माणूस कोपरं पूर्ण सरळ व्हायच्या आधीच बार मागे नेतो, एक बाजू हुकात बसते, दुसरी ओठाखाली राहते आणि बार चेहऱ्याच्या वर एका टोकाने सुटतो. यावर एकच क्रम ठेवा आणि 20 किलोलाही तोच वापरा. आधी कोपरं लॉक करायची. मग हात सरळ ठेवून बार मागे न्यायचा, तो दोन्ही खांबांना टेकल्याचा आवाज येईपर्यंत. आवाज दोन यायला हवेत. मग खाली सोडायचा. हुकांकडे नजर वळवून ते शोधत बसू नका. खांब लागले की हुक खालीच असतात. आणि कोपरं लॉक होणार नाहीत असं वाटलं तर हुकांकडे जाण्याचा विचारच नको, बार खाली पिनांवर न्यायचा. या एका सवयीने तुम्ही बऱ्याच अपघातांपासून दूर राहाल, म्हणून मी तिच्यावर इतका वेळ घेतोय.

पिना लावणं आणि पिनांवर बार सोडता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी शिकावी लागते. आयुष्यात पहिल्यांदा अडकलेला माणूस पिना बरोबर असूनही कमान धरून ठेवतो, श्वास रोखतो आणि ढकलतच राहतो, कारण अंगाला तीच सवय असते. म्हणून अडकण्याची तालीम करा. आधी रिकामा बार, मग 40 किलो. बार छातीवर आणा. श्वास सोडा, पाठ सपाट करा, बार दोन्ही पिनांवर बसल्याचं ऐका. तोपर्यंत पकड सैल करू नका. मग हात सोडा, पाय उचलून बेंचवर घ्या म्हणजे पाठ आणखी सपाट होते, मान एका बाजूला वळवा आणि पायांच्या दिशेने सरकत बारखालून बाहेर या. आठवडाभर प्रत्येक सरावात, गरम होण्याच्या पहिल्या सेटचा शेवटचा रेप असाच संपवा. त्यात पिनांची उंचीही आपोआप रोज तपासली जाते.

पकड पूर्ण हवी. अंगठा बारच्या भोवती गुंडाळलेला असला पाहिजे, इतर बोटांच्या बाजूला ठेवलेला नको. तशा उघड्या पकडीत बार तळहातावरून घसरला की तो पिनेपर्यंत पोचायच्या आत छातीवर जोरात आदळतो. पिना वजन अडवतात, पण वरून पडणाऱ्या बारचा आधीचा धक्का त्या वाचवू शकत नाहीत.

आता तुमचा खरा प्रश्न, थांबायचं कधी. तुम्हाला 'अजून एक निघेल' असं वाटतं यात तुमचा दोष नाही. पाठीवर आडवं पडून, श्वास चढलेला असताना, हा निर्णय कोणालाच नीट घेता येत नाही. म्हणून तो तिथे घ्यायचाच नाही. झोपण्याआधी कागदावर वजन आणि रेप लिहा. 65 किलो, 5. वर असताना कितीही सोपं वाटलं तरी सहावा नाही. जास्त ताकद असेल तर ती पुढच्या सरावात 2.5 किलो वाढवून वापरा. हा आकडा ठरवताना दोन रेप शिल्लक राहतील असं वजन निवडा. सपोर्ट असताना एक शिल्लक ठेवून चालतं, एकट्याने दोन. ताकद आणि मांस दोन्ही वाढायला तेवढं पुरतं, शून्यापर्यंत जायची गरज नसते.

लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. त्याआधी थांबवणारी खूण म्हणजे वेग. बार वर जायला पहिल्या रेपला लागतो तो वेळ मनात धरा. 70 किलोला तुम्हाला साधारण एक सेकंद लागत असेल. ज्या रेपला त्याच्या दुप्पट वेळ लागेल तो सेटचा शेवटचा रेप, मग तो तिसरा का असेना. कोपरं लॉक, दोन आवाज, बार हुकवर. तुमचा गेल्या आठवड्याचा सेट या नियमाने पाहू. व्हिडिओ नाही, पण पाचवा अडकण्याआधी चौथा नक्कीच रेंगाळला असणार. ताजा, झटपट चौथा रेप आणि लगेच अर्ध्यावर मेलेला पाचवा असं सहसा होत नाही. चौथ्याला दोन-अडीच सेकंद लागले असतील, तर सेट तिथे संपायला हवा होता. आतून हा वेग ओळखायला सुरुवातीला कठीण जातं. महिनाभर प्रत्येक जड सेटचा बाजूने व्हिडिओ घ्या. सेट झाल्यावर आधी स्वतःला विचारा, शेवटचा रेप किती मंद होता, आणि मग व्हिडिओ बघा. काही आठवड्यांत तुमचा अंदाज आणि व्हिडिओ जुळायला लागतात.

वेगासोबत दिसणाऱ्या आणखी काही खुणा आहेत आणि त्यांचाही अर्थ तोच, हा शेवटचा. बारची एक बाजू पुढे निघून जाते, ढुंगण बेंचवरून उचलतं, बार छातीवर नेहमीच्या जागेपेक्षा गळ्याकडे टेकतो. एक खूण फक्त पिना बरोबर लावलेल्यांना मिळते. पहिल्या रेपला पिनेपासून मोकळा राहिलेला बार नंतरच्या एखाद्या रेपला पिनेला खटकन लागला, तर त्याचा अर्थ तुमची कमान मोडली, छाती खाली बसली. तो रेप पूर्ण करा आणि बार ठेवून द्या.

आणि बार हवेत थांबलाच तर? मनात दोन मोजा. तेवढ्यात तो वर सरकला नाही तर खाली आणायला सुरुवात करा. हे हातात जोर शिल्लक असतानाच करायचं. बार वर ढकलायला जेवढी ताकद लागते त्यापेक्षा तो सावकाश खाली आणायला कमी लागते, म्हणून अडकलेल्या जागेवरूनही तुम्ही तो ताब्यात ठेवून पिनांवर नेऊ शकता. पण पाच-सहा सेकंद झुंजलात तर तीही संपते आणि बार कोसळतो. थांबलेल्या बारसाठी अंग वाकडं करणं, एक हात आधी सरळ करणं, पाय हवेत झाडणं यातलं काहीही नको.

खांद्यात, छातीत किंवा कोपरात टोचणारी कळ आली, काही तुटल्यासारखं वाटलं, हाताला मुंग्या आल्या किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रेप कितवाही असो. कोपरं सरळ असतील तर हुक, वाकलेली असतील तर पिना, आणि त्या दिवशी बेंच बंद. छातीत दाब येऊन तो हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटत असेल, तर तो स्नायूचा प्रश्न समजू नका. लगेच रुग्णवाहिका बोलवा. म्हणून फोन बेंचवर झोपून हात पोचेल तिथे जमिनीवर हवा आणि खोलीच्या दाराला आतून कडी नको.

बार पिनांवर ठेवावा लागला त्या दिवशी त्या वजनाला पुन्हा हात लावू नका. पुढच्या सरावात 5 किलो कमी करून तेच पाच रेप मारा आणि दोन शिल्लक राहतात का ते व्हिडिओत पाहा. तुमच्या बाबतीत 65 पासून सुरू करा. एकट्याने एका रेपचं कमाल वजन आजमावायचा मोह होतो. त्याची गरज नाही. रेपच्या आकड्याला 30 ने भागा, त्यात 1 मिळवा आणि येईल त्याने वजनाला गुणा. 70 किलोचे चार रेप स्वच्छ निघत असतील तर अंदाज 79 च्या आसपास येतो. हा नुसता अंदाज आहे, पण पुढचा आराखडा करायला पुरेसा.

तुमच्या मित्राने सांगितलेली कॉलरची गोष्ट चुकीच्या परिस्थितीत बरोबर आहे. पिनाच नसतील आणि बार छातीवर असेल तर प्लेटा पाडणं हा शेवटचा मार्ग उरतो. पण त्यात काय घडतं ते बघा. एका बाजूच्या 25 किलोच्या प्लेटा घसरल्या की त्याच क्षणी दुसरी बाजू 25 किलोने खाली झेपावते आणि बार तुमच्या छातीवर लोलकासारखा फिरतो. मनगट, चेहरा, जमीन, काहीही वाचत नाही. शिवाय कॉलर नसताना हे अडकल्यावरच होईल असंही नाही. दमून बार थोडा तिरका झाला की प्लेटा आपल्या आपण सरकायला लागतात आणि जो रेप निघाला असता तोही बिघडतो. तुमच्या पिना योग्य उंचीला आहेत म्हटल्यावर प्लेटा पाडायची वेळ येणारच नाही. कॉलर दर सेटला दोन्ही बाजूंना लावा, 40 किलोलाही. पिना नसतील त्या दिवशी कॉलर काढण्यापेक्षा बार सोडून डंबेल घ्या किंवा दंड मारा.

बार पिनांवर बसल्यावर तो तसाच हुकवर उचलून ठेवायचा प्रयत्न करू नका. दमलेले असता, पकड वाकडी असते. उठा, दोन मिनिटं बसा, पाणी प्या. मग एका बाजूची कॉलर काढून एक प्लेट उतरवा, दुसऱ्या बाजूला जाऊन तेवढीच उतरवा, आणि असं आलटून पालटून रिकामं करा. एका बाजूच्या सगळ्या प्लेटा आधी काढल्या तर दुसरी बाजू जड होऊन बार पिनांवरून उलटू शकतो आणि मोकळं टोक वर उसळू शकतं. रिकामा झाला की 20 किलोचा बार सहज हुकवर जातो.